दोन कोटींत कोणती मशीन बसवायची: नफाक्षमता निर्देशांकाचा हिशेब

प्रश्न: आमची बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री आहे. यंदा नवीन मशिनरीसाठी दोन कोटी आहेत, त्यावर एक रुपया नाही. नवीन टर्म लोन पुढच्या वर्षी बघू म्हणून बँकेनं सांगितलंय. पाच कोटेशनं टेबलावर आहेत: एक टनाची इंडक्शन फर्नेस ११० लाख, मशिनिंगसाठी व्हीएमसी ८० लाख, सोलर ७० लाख, वाळूचा रिक्लमेशन प्लांट ६० लाख आणि कास्टिंग साफ करायचं शॉट ब्लास्टिंग ३० लाख. धाकटा भाऊ म्हणतो, ज्याचा एनपीव्ही मोठा ते आधी घ्यायचं. सीए म्हणतात, नफाक्षमता निर्देशांक म्हणजे पीआय लावा. वर्षाला किती वाचेल किंवा मिळेल त्याचे आकडे सोबत पाठवलेत. कोणाचं ऐकू?

उत्तर:

तुमच्या आकड्यांवर फर्नेस, वाळूचा प्लांट आणि शॉट ब्लास्टिंग ही तीन घ्या. नुसता एनपीव्ही, म्हणजे पुढच्या रोख रकमांच्या आजच्या मूल्यातून आज घालायची रक्कम वजा करून उरतं ते, बघून ही निवड सापडत नाही, आणि पीआयची यादी वरून खाली वाचत गेलं तरी सापडत नाही. सीएंची दिशा बरोबर आहे, पण त्यांच्या पद्धतीला पुढे दोन पायऱ्या जोडाव्या लागतात. भावाचंही एक म्हणणं खरं आहे: शेवटी घरात यायचा तो एनपीव्हीच, निर्देशांक काही बँकेत भरता येत नाही. फर्नेसच्या आकड्याबद्दल मला एक शंका आहे. तिच्यावर सगळी निवड उलटू शकते, म्हणून ती शेवटी सविस्तर लिहितो.

आधी पीआय का लागतो ते बघू. तुमच्याच यादीतली सोलर आणि शॉट ब्लास्टिंग शेजारी ठेवा. १२ टक्के दरानं दोघांचाही एनपीव्ही साधारण १५.१ लाख येतो. भावाच्या पद्धतीनं दोन्ही सारखीच. पण हे १५.१ लाख मिळवायला शॉट ब्लास्टिंग तुमच्याकडून ३० लाख मागते आणि सोलर ७० लाख. पैसा हवा तेवढा असता तर दोन्ही घेतली असती आणि प्रश्नच उरला नसता. पैसा मोजका आहे, म्हणून सोलरला जास्तीचे ४० लाख दिले की ते दुसऱ्या कोणत्या तरी कामातून काढून घ्यावे लागतात. तेव्हा विचारायचं ते हे, की अडलेल्या प्रत्येक रुपयामागे किती मिळतं. नफाक्षमता निर्देशांक तेवढंच सांगतो: पुढच्या सगळ्या वर्षांच्या रोख रकमांचं आजचं मूल्य भागिले आज घालायची रक्कम. तो १ असेल तर पैसे जेमतेम १२ टक्क्यांनी परत आले, १.५० असेल तर घातलेल्या प्रत्येक रुपयावर १२ टक्के सुटून वर आजच्या किमतीत पन्नास पैसे मिळाले.

एक हिशेब जवळून करून दाखवतो, म्हणजे बाकीचे तुम्ही स्वतः तपासू शकाल. वाळूचा प्लांट घ्या. तुम्ही नो-बेक साचे करता. साचा फोडल्यावर ती वाळू आज ट्रॉलीत भरून बाहेर टाकता आणि तितकीच नवी सिलिका विकत आणता. प्लांट आला की दाण्यावरचं जळकं रेझिन घासून काढून बहुतेक वाळू पुन्हा साच्यात जाते. सगळी मात्र जात नाही. थोडी नवी मिसळावीच लागते, नाहीतर दाण्यावर उरलेलं रेझिन ओतताना गॅस सोडतं आणि कास्टिंगमध्ये ब्लोहोल येतात. म्हणून बचत काढताना वाळू शंभर टक्के परत वापरली जाईल असं धरायचं नाही. तुम्ही ते धरलेलं नाही, हे चांगलं केलंत. वीज, फिल्टर बॅगा, सुटे भाग आणि कर वजा करून वर्षाला २४ लाख, पाच वर्षं, असा तुमचा आकडा आहे. दरवर्षीच्या सारख्या रकमेचं आजचं मूल्य काढायचा १२ टक्क्यांचा पाच वर्षांचा गुणक ३.६०५. म्हणजे २४ गुणिले ३.६०५ बरोबर ८६.५ लाख. त्यातून ६० वजा केले की एनपीव्ही २६.५, आणि ८६.५ ला ६० नं भागलं की पीआय १.४४.

एक्सेलमध्ये करताना एक जागा हमखास चुकते. एक्सेलचं एनपीव्ही फंक्शन यादीतली पहिली रक्कम वर्षअखेरीची समजतं. आज द्यायचे ६० लाख त्याच यादीत घातले तर तेही एक वर्षानं घटवले जातात. बी२ मध्ये आजची रक्कम उणे चिन्हानं आणि बी३ ते बी७ मध्ये पाच वर्षांच्या रकमा असतील, तर एनपीव्ही आणि पीआय असे काढा:

```
=NPV(12%,B3:B7)+B2
=NPV(12%,B3:B7)/-B2
```

चुकीच्या सूत्रानं वाळूचा एनपीव्ही २६.५ ऐवजी २३.७ दिसतो. सगळ्या प्रस्तावांना तीच चूक लागली तर क्रम बदलत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही. पण एक शीट तुमच्या अकाउंटंटनं केली आणि दुसरी मशीन विकणाऱ्यानं पाठवली, तर दोन वेगळ्या मापांनी मोजलेल्या गोष्टी तुम्ही शेजारी ठेवता. म्हणून पाचही हिशेब एकाच शीटमध्ये, एकाच हातानं करा. विक्रेता पीआय म्हणून काय देतो तेही बघा. काही जण एनपीव्ही भागिले गुंतवणूक काढतात आणि त्यालाच पीआय म्हणतात. त्या मापात वाळूचा आकडा ०.४४ येईल. क्रम तोच राहतो, पण एकाचा ०.४४ आणि दुसऱ्याचा १.३५ शेजारी ठेवले की घोटाळा होतो.

तुमचे पाचही प्रस्ताव असे दिसतात. रकमा लाखांत आहेत. सोलरचं आयुष्य १५ वर्षं आणि बाकीच्यांचं ५ वर्षं धरलंय.

| प्रस्ताव | आजची रक्कम | वर्षाची निव्वळ आवक | एनपीव्ही | पीआय |
|---|---|---|---|---|
| शॉट ब्लास्टिंग | ३० | १२.५ | १५.१ | १.५० |
| वाळू रिक्लमेशन | ६० | २४ | २६.५ | १.४४ |
| व्हीएमसी | ८० | ३० | २८.१ | १.३५ |
| फर्नेस | ११० | ४१ | ३७.८ | १.३४ |
| सोलर | ७० | १२.५ | १५.१ | १.२२ |

भावाच्या क्रमानं जा. पहिली फर्नेस, मग व्हीएमसी. १९० लाख संपले, उरलेल्या १० लाखांत काही बसत नाही. एकूण एनपीव्ही ६५.९ लाख.

आता सीएंचा क्रम. शॉट ब्लास्टिंग, वाळू, व्हीएमसी. १७० लाख संपले, ३० उरले, आणि त्यात फर्नेसही बसत नाही, सोलरही नाही. एकूण ६९.७ लाख. भावाच्या क्रमापेक्षा कमी पैसे लावून जास्त मिळालं, म्हणून बरेच जण इथेच थांबतात.

थांबू नका. पीआयचा क्रम पूर्णपणे खरा ठरतो तो प्रकल्पाचे तुकडे करता येतात तेव्हा. शेतात दहा एकरांऐवजी सात एकरांवरच ठिबक बसवता येतं. फर्नेसचे तीस टक्के विकत घेता येत नाहीत. उरलेले ३० लाख मोकळे पडले, बँकेत ठेवले, तर १२ टक्क्यांच्या मापात त्यांचा एनपीव्ही शून्याच्या वर जात नाही. म्हणून पीआयची यादी लावून झाली की सीमारेषेवरचे प्रस्ताव बदलून बघायचे: शेवटी आत आलेला काढायचा, बाहेर राहिलेला आत घ्यायचा, आणि बेरीज बघायची. व्हीएमसी काढून फर्नेस घातली की ३०, ६० आणि ११० मिळून बरोबर २०० होतात आणि एनपीव्ही १५.१, २६.५ आणि ३७.८ मिळून ७९.४ लाख. सीएंच्या यादीपेक्षा ९.७ लाख जास्त, भावाच्या यादीपेक्षा १३.५ लाख जास्त. फर्नेसचा पीआय व्हीएमसीपेक्षा किंचित कमी आहे, तरी तिला घेतल्यानं एकूण वाढलं, कारण ती मोकळे राहणारे ३० लाख कामाला लावते.

पाच प्रस्तावांच्या एकूण ३२ जुळण्या होतात, त्यातल्या १२ तर बजेटबाहेरच जातात. कागदावर अर्ध्या तासाचं काम आहे. प्रस्ताव दहा-बारा झाले की एक्सेलचा सॉल्व्हर वापरा. प्रत्येक प्रस्तावापुढे एक रकाना ठेवा, त्यात फक्त ० किंवा १ येईल अशी अट घाला, रकमांची बेरीज २०० च्या आत ठेवा आणि एनपीव्हीची बेरीज सर्वांत मोठी करायला सांगा.

आता ज्या गोष्टीसाठी हे उत्तर एवढं लांबवतोय तिच्याकडे येतो. पीआयमध्ये खाली, भागायला, कोणती रक्कम घ्यायची? कोटेशनवरची नव्हे. ज्या पैशाला मर्यादा आहे त्या पैशातून यंदा जेवढं निघून जाणार, तेवढीच रक्कम खाली येते. पीआयचे चुकलेले हिशेब मी जितके पाहिलेत, त्यातले बहुतेक इथेच चुकलेले असतात.

व्हीएमसी घ्या. कोटेशन ८० लाखांचं आहे. पण आज तुम्ही कच्ची कास्टिंग विकता आणि व्हीएमसी आल्यावर मशिनिंग करून देणार. म्हणजे कास्टिंग जास्त दिवस तुमच्याच शेडमध्ये पडून राहणार, आणि पुण्या-कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाकडून मोठ्या बिलाचे पैसे दोन-तीन महिन्यांनी येणार. तुमच्याच ऑर्डरींवरून मी हे अडकणारं भांडवल १५ लाख धरतो. ते खर्च होत नाही, पाचव्या वर्षाच्या शेवटी मोकळं होतं, पण यंदा ते त्याच दोन कोटींतून जाणार. तेव्हा आजची रक्कम ८० नाही, ९५. शेवटी परत येणाऱ्या १५ लाखांचं आजचं मूल्य ८.५. एकूण १०८.१ अधिक ८.५ म्हणजे ११६.६. एनपीव्ही २८.१ वरून २१.६ वर येतो आणि पीआय १.३५ वरून १.२३ वर. तिसऱ्या नंबरवरचं मशीन सोलरच्या शेजारी जाऊन बसतं.

मच्छेच्या एका कारखान्यात हेच घडताना मी जवळून पाहिलंय. व्हीएमसीचा हिशेब मीच केला होता आणि चालू भांडवल खाली धरायचं माझ्याकडून राहिलं. मशीन गणपतीत आलं. दिवाळीला बोनस द्यायचा होता, आणि पैसा तयार मालात आणि येणे बाकीत अडकलेला. मालकांनी घरचं सोनं ठेवून बोनस भागवला. मशीन चांगलं होतं, पुढे चाललंही उत्तम. पण त्या वर्षी ते त्या यादीत बसत नव्हतं, आणि ते माझ्या हिशेबात दिसायला हवं होतं. त्यानंतर प्रत्येक प्रस्तावापुढे ‘यंदा निघून जाणारे’ असा वेगळा रकाना मी घालतो.

हीच गोष्ट उलट दिशेनंही लागू होते. फर्नेसवाला ७० लाख यंदा आणि ४० लाख पुढच्या वर्षी घ्यायला तयार झाला, असं समजा. विचारून बघा, मोठ्या मशिनरीत अशी बोलणी होतात. पुढच्या वर्षीच्या ४० लाखांचं आजचं मूल्य ३५.७. म्हणजे एनपीव्ही १४७.८ वजा ७० वजा ३५.७, म्हणजे ४२.१ लाख. यंदाच्या अडलेल्या पैशातून फक्त ७० जातात, म्हणून पुढच्या वर्षीचे ४० वरच्या बाजूला वजावट म्हणून जातात आणि खाली ७० च राहतात. पीआय १.६०, यादीत सगळ्यांत वर. कोटेशनचे ११० खाली ठेवले असते तर ही सवलत किती मोलाची आहे ते दिसलंच नसतं. याला एक अट आहे: पुढच्या वर्षी पैशाची अशीच टंचाई नसावी. पुढच्या वर्षीही मर्यादा असेल तर ते ४० लाख पुढच्या वर्षीचं कोणतं तरी काम अडवणार, आणि दोन वर्षांच्या दोन मर्यादा एका निर्देशांकात मावत नाहीत. तिथे पीआय सोडून द्यायचा आणि सॉल्व्हरमध्ये दोन अटी घालायच्या, एक यंदाच्या पैशाची, एक पुढच्या वर्षीच्या.

तुमची बँक पुढच्या वर्षी बघू म्हणतेय. ते नक्की नाही असं धरून चाला. तेव्हा निवडलेली मशीन पुढच्या वर्षी किती रोकड परत आणतात तेही बघून ठेवा. मी सुचवलेली तीन मिळून ४१, २४ आणि १२.५, म्हणजे ७७.५ लाख आणतात. सोलर ७० लाख अडकवून १२.५ लाख आणतं. सोलर वाईट नाही, पंधरा वर्षं शांतपणे देत राहील. पण ज्या वर्षी पैसा अडला आहे त्या वर्षी ते तुमचं काम नव्हे.

निवड दोन कोटी बरोबर संपवते, एक लाखाचीही फट ठेवत नाही, म्हणून जीएसटीचा विचार आताच करा. कोटेशनं बहुधा जीएसटी सोडून आहेत. १८ टक्क्यांनी २०० लाखांवर ३६ लाख होतात. ते इनपुट क्रेडिटमधून परत मिळतात, म्हणून एनपीव्हीत त्यांचा फरक थोडाच पडतो. पण बिल भरताना ते रोख द्यायचे आणि विक्रीच्या करातून वळते व्हायला काही महिने जाणार. तेवढे महिने ते कॅश क्रेडिटमध्ये बसतात का हे बँकेशी बोलून घ्या. बसत नसतील तर तुमची पिशवी दोन कोटींची नाही, त्याहून लहान आहे, आणि जुळणी नव्यानं करावी लागेल.

फर्नेसवाल्यानं अर्ध्या टनाचंही एक कोटेशन दिलंय, ७५ लाखांचं. तुम्ही ते यादीत घातलं नाहीत, पण कोणीतरी घालेल आणि म्हणेल की याचा पीआय जास्त आहे. खरंच जास्त आहे: तुमच्या आकड्यांवरून त्याचा एनपीव्ही ३० लाख, पीआय १.४०. एकाच कामाच्या लहान-मोठ्या दोन मापांत पीआय बहुधा लहानाकडे झुकतो, कारण पहिल्या रुपयांचा फायदा सहसा मोठा असतो. दोन्ही फर्नेस काही आपण बसवणार नाही. म्हणून फरकाचा हिशेब करायचा. मोठीला ३५ लाख जास्त लागतात आणि ती ७.८ लाख जास्त एनपीव्ही देते, म्हणजे त्या जास्तीच्या रकमेचा पीआय १.२२. आता बघायचं की ते ३५ लाख दुसरीकडे १.२२ पेक्षा जास्त देतात का. लहान फर्नेस, वाळू आणि शॉट ब्लास्टिंग घेतली तर १६५ लाख लागतात, ३५ उरतात, आणि त्यात बसेल असं तुमच्याकडे काहीच नाही. एकूण ७१.६ लाख. मोठीसह ७९.४. यंदा मोठीच घ्या. यादीत ३५ लाखांचं, १.२२ च्या वरचं एखादं काम असतं तर माझं उत्तर वेगळं असतं.

हा सगळा हिशेब प्रस्ताव एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं मानून चाललाय. तुमच्या शेडमध्ये ते पूर्ण खरं नाही. एका सकाळी कास्टिंग साफ करायच्या फेटलिंग विभागाच्या दाराशी उभे राहा. साचे फुटून आलेली कास्टिंग शॉट ब्लास्टिंगच्या आधी किती साचलेली असतात, ते मोजा. तिथे आजच दोन दिवसांचा ढीग असेल, तर नवी फर्नेस जास्त वितळवेल आणि ढीग तीन दिवसांचा होईल. त्या स्थितीत शॉट ब्लास्टिंगशिवाय फर्नेसचे ४१ लाख येणार नाहीत. अशी बांधलेली जोडी असेल तर दोन्ही मिळून एकच प्रस्ताव धरा: १४० लाख, एनपीव्ही ५२.९, पीआय १.३८. तुमच्या निवडीत दोन्ही आहेत, त्यामुळे यंदा निकाल बदलत नाही. पण कोणी शॉट ब्लास्टिंग पुढे ढकलू म्हणालं, तर त्याबरोबर फर्नेसचाही एनपीव्ही खाली येतो, हे त्यांना दाखवा.

आता फर्नेसच्या आकड्याबद्दलची शंका. वर्षाच्या ४१ लाखांतला मोठा भाग विजेचा आहे. तुमचं गणित असं आहे: महिन्याला २५० टन, वर्षाला ३,००० टन. जुनी फर्नेस टनाला ७५० युनिट खाते, नवी ५८० खाईल असं विक्रेता म्हणतो. फरक १७० युनिट, म्हणजे वर्षाला ५,१०,००० युनिट. ७.५० रुपयांनी ३८.२५ लाख. बाकी अस्तराची आणि रिजेक्शनची बचत, त्यातून कर वजा, घसाऱ्याचा करलाभ अधिक, असं मिळून ४१.

यातले ७५० कुठून आले? हेस्कॉमच्या वीजबिलातले युनिट भागिले महिन्याचे टन, असं असेल तर त्यात कॉम्प्रेसर, वाळूचे मिक्सर, दिवे, ऑफिस सगळं आलं. ती वीज नवी फर्नेस वाचवणार नाही. फर्नेस पॅनलचा वेगळा मीटर बघा. हीट रजिस्टरमध्ये प्रत्येक हीटपुढे, म्हणजे वितळवलेल्या प्रत्येक घाण्यापुढे, सुरुवातीचं रीडिंग, शेवटचं रीडिंग आणि लॅडलमध्ये ओतलेलं वजन लिहायला लावा, निदान पंधरा दिवस. थंड फर्नेसवरची सकाळची पहिली हीट वेगळी काढा, ती नेहमीच जास्त खाते. धातू तयार होऊन साच्याची वाट बघत उभा राहतो ती मिनिटंही लिहा. त्या वेळात जाणारी वीज मोल्डिंगच्या उशिरामुळे जाते आणि नव्या फर्नेसमध्येही जाईलच. ५८० बद्दलही विक्रेत्याला विचारा की तो नुसत्या वितळण्याचा आकडा आहे की दिवसभराची सरासरी. आपल्याकडच्याच एखाद्या शेडमध्ये त्यांची फर्नेस चालू असेल तर तिथलं रजिस्टर दाखवायला सांगा.

समजा मोजल्यावर फरक १७० ऐवजी १३० युनिट निघाला. ४० युनिट गुणिले ३,००० टन गुणिले ७.५० म्हणजे ९ लाख कमी, २५ टक्के कर धरून हातात ६.७५ लाख कमी. वर्षाला ३४.२५ लाख, त्याचं आजचं मूल्य १२३.५, एनपीव्ही १३.५ आणि पीआय १.१२. तेव्हा फर्नेस, वाळू आणि शॉट ब्लास्टिंग मिळून ५५.१ लाखच होतात. चालू भांडवलासह ९५ लाखांची व्हीएमसी घेतली तर वाळू आणि शॉट ब्लास्टिंग धरून १८५ लाखांत ६३.२ लाख मिळतात, आणि निवड उलटते. कुठे उलटते तेही काढता येतं: फर्नेसचा एनपीव्ही २१.६ च्या खाली गेला की, म्हणजे वर्षाची आवक साधारण ३६.५ लाखांच्या खाली गेली की. युनिटमध्ये सांगायचं तर टनामागे बचत साधारण १४३ युनिटांच्या खाली.

तेव्हा वाळू आणि शॉट ब्लास्टिंगच्या ऑर्डरी आजच द्या, त्या दोन्ही जुळण्यांत आहेत. फर्नेसच्या ऑर्डरीला हीट रजिस्टरचे पंधरा दिवस थांबवा. सरासरी फरक १४३ च्या वर आला तर फर्नेस, खाली आला तर व्हीएमसी. १४० ते १५० च्या मध्ये आला तर रजिस्टर आणि मीटरचे फोटो मला पाठवा, टनेज आणि दर पुन्हा घालून बघू.